पंचेचाळीसच्या वर सव्वीस

माद्रिदला नोकरीनिमित्त गेलेल्या एका मित्राने मध्यंतरी एक फोटो पाठवला. तिथल्या एका जुन्या बारची भिंत, डाव्या हाताला येत्या सामन्यांचं वेळापत्रक लिहायचा फळा आणि त्याच्या शेजारी काचेच्या चौकटीत जपून ठेवलेला एक पिवळट कागद. कागदावर २००६-०७ च्या स्पॅनिश लीगचा अखेरचा गुणतक्ता. मित्राला फुटबॉलचं फारसं वेड नाही, पण हिशेबात तो पक्का. त्याने खाली एवढंच लिहिलं होतं : ‘पहिल्या दोघांचे गुण सारखे. गोलांचा फरक वरच्याचा २६, खालच्याचा ४५. मग खालचा वर का नाही?’

शंका अगदी रास्त आहे. आपल्याकडे क्रिकेटमुळे घराघरांत नेट रनरेट पाठ झालेला असतो. गुण सारखे झाले की स्पर्धाभरातल्या सगळ्या सामन्यांचा जमाखर्च काढायचा आणि ज्याची बाजू जड तो वर, हे आपल्या अंगवळणी पडलेलं आहे. त्या सवयीने हा कागद वाचला, तर छापणाऱ्याने दोन ओळींची अदलाबदल केली असं कुणालाही वाटेल. तशी ती झालेली नाही. त्या वर्षी विजेता ठरला तो रेआल माद्रिदच आणि बार्सिलोना दुसरं. पण ते समजून घ्यायचं तर आधी कागद नीट वाचता आला पाहिजे, आणि फोटोतला कागद वाचणं हे काम वाटतं तितकं सरळ नसतं.

पहिली अडचण रकान्यांवरच्या अक्षरांची. स्पॅनिश तक्त्यात संघाच्या नावापुढे बहुधा हा क्रम असतो : ‘पीजे’ म्हणजे खेळलेले सामने, ‘जी’ म्हणजे जिंकलेले, ‘ई’ बरोबरीत सुटलेले, ‘पी’ हरलेले. मग ‘जीएफ’ म्हणजे केलेले गोल, ‘जीसी’ म्हणजे खाल्लेले गोल, ‘डीजी’ म्हणजे त्या दोहोंतला फरक आणि शेवटी गुण. इथे फसायला होतं ते ‘पी’पाशी. इंग्लंडच्या तक्त्यात एकटा ‘पी’ म्हणजे खेळलेले सामने, स्पेनमध्ये तोच हरलेले सामने दाखवतो. इटलीच्या तक्त्यात ‘एन’खाली बरोबरीचे सामने असतात, तर जर्मनीच्या तक्त्यात ‘एन’खाली पराभव. म्हणून भाषा येत नसेल तर अक्षरांच्या नादी न लागता आकडे पाहावेत. ज्या रकान्यात वरपासून खालपर्यंत जवळपास एकच आकडा आहे, तो खेळलेल्या सामन्यांचा. जो रकाना वरून खाली साधारण उतरत जातो तो विजयांचा आणि जो चढत जातो तो पराभवांचा. त्या दोघांच्या मध्ये, कसलाही क्रम न पाळणारा, तो बरोबरीचा.

स्पॅनिश लीगमध्ये २० संघ आहेत. प्रत्येक संघ उरलेल्या १९ जणांशी एकदा आपल्या मैदानावर आणि एकदा त्यांच्या मैदानावर खेळतो, म्हणजे प्रत्येकाचे ३८ सामने. विजयाला ३ गुण, बरोबरीला १, पराभवाला शून्य. त्या कागदावरचे वरचे तीन संघ असे :

| संघ | सामने | विजय | बरोबरी | पराभव | केलेले गोल | खाल्लेले गोल | फरक | गुण |
|---|---|---|---|---|---|---|---|---|
| रेआल माद्रिद | ३८ | २३ | ७ | ८ | ६६ | ४० | +२६ | ७६ |
| बार्सिलोना | ३८ | २२ | १० | ६ | ७८ | ३३ | +४५ | ७६ |
| सेविया | ३८ | २१ | ८ | ९ | ६४ | ३५ | +२९ | ७१ |

फोटोत हा तक्ता इतका स्वच्छ नव्हता. काचेवर ट्यूबलाइटची तिरीप पडली होती आणि बार्सिलोनाच्या ओळीतला बरोबरीचा आकडा व खाल्लेल्या गोलांचा आकडा तिच्यात पार धुऊन गेले होते. सेवियाचे गुण चौकटीच्या पट्टीखाली दडले होते. तरी काही बिघडलं नाही, कारण गुणतक्त्याची प्रत्येक ओळ स्वतःचा ताळा स्वतःच देते. विजय, बरोबरी आणि पराभव यांची बेरीज खेळलेल्या सामन्यांइतकी यायलाच हवी. बार्सिलोनाने २२ जिंकले, ६ हरले, म्हणजे ३८ मधून २८ गेले आणि बरोबरीचे १० उरले. दुसऱ्या वाटेनेही खात्री करता येते : २२ विजयांचे ६६ गुण, त्यात १० मिळवले की ७६. खाल्लेले गोल ७८ वजा ४५, म्हणजे ३३. सेवियाचे २१ विजय आणि ८ बरोबऱ्या मिळून ६३ अधिक ८, म्हणजे ७१.

एका ओळीतले दोन आकडे गेले तरी बऱ्याचदा मार्ग असतो. समजा बार्सिलोनाचे विजय आणि बरोबरी दोन्ही पुसले गेले असते आणि फक्त ६ पराभव व ७६ गुण दिसत असते. न हरलेले सामने ३२. ते सगळे बरोबरीत सुटले असते, तर ३२ गुण झाले असते. प्रत्यक्षात गुण ७६, म्हणजे ४४ जास्त. बरोबरीच्या जागी विजय आला की २ गुण वाढतात, तेव्हा विजय ४४ च्या निम्मे, २२. शाळेतल्या समीकरणांचा इतका थेट उपयोग क्वचितच होतो. मात्र केलेले आणि खाल्लेले गोल हे दोन्ही आकडे एकाच वेळी गेले आणि नुसता फरक उरला, तर फोटोतून ते परत मिळवता येत नाहीत. ७८ आणि ३३ चाही फरक ४५, ८० आणि ३५ चाही ४५. बाकीच्या १९ ओळी धडधडीत दिसत असल्या तरी उपयोग नाही, कारण साऱ्या तक्त्यात मिळून केलेले गोल आणि खाल्लेले गोल यांची बेरीज सारखी असते एवढंच त्या सांगतात आणि त्यातून पुन्हा फरकच हाती लागतो.

पूर्ण तक्ता समोर असेल तर उभ्या बेरजाही करून पाहाव्यात. सगळ्या संघांचे विजय आणि सगळ्यांचे पराभव सारखे असले पाहिजेत, कारण एकाने जिंकलं की दुसरा हरतोच. बरोबरीच्या रकान्याची बेरीज नेहमी सम येते. फरकाच्या रकान्याची बेरीज शून्य. हाताने लिहिलेल्या फळ्यांवर तर या बेरजा फार कामी येतात. युरोपात १ लिहिताना वरून तिरकी रेघ इतकी लांब ओढतात की आपल्याला तो ७ वाटतो. त्यांचा खरा ७ ओळखायचा तो पोटातल्या आडव्या रेघेवरून. अस्पष्ट फोटोत ३ आणि ८ एकमेकांत मिसळतात आणि उणे चिन्ह तर सगळ्यात आधी नाहीसं होतं. खाल्लेले गोल केलेल्यांपेक्षा जास्त दिसत असतील, तर फरकामागे उणे आहे असं समजून चालावं.

एवढं करूनही एखाद्या ओळीचा ताळा बसत नसेल, तर लगेच छापणाऱ्याला दोष देऊ नये. इंग्लंडच्या २०२३-२४ च्या प्रीमिअर लीगमध्ये एव्हर्टनने १३ सामने जिंकले, ९ बरोबरीत सोडवले. हिशेबाने ४८ गुण होतात, पण तक्त्यात ४० आहेत. आर्थिक नियम मोडल्याबद्दल त्या मोसमात त्यांचे एकूण ८ गुण कापले गेले होते. अशा संघाच्या नावापुढे बहुधा बारीक तारा असतो आणि त्याचा खुलासा तक्त्याच्या तळाशी. फोटो काढणारे नेमका तो तळ कापतात.

आता मित्राच्या प्रश्नाकडे येऊ. गुण समान झाले की काय करायचं, याचं सगळ्या जगात मिळून एकच उत्तर नाही. स्पेनमध्ये साऱ्या मोसमातला गोलफरक दुसऱ्या पायरीवर येतो. आधी पाहतात ते बरोबरीत असलेल्या संघांचे आपसातले सामने. त्या दोन लढतींत जास्त गुण कुणी मिळवले? तिथेही सारखे असतील, तर त्या दोन सामन्यांपुरता गोलफरक. तोही सारखा निघाला तरच साऱ्या मोसमाचा गोलफरक, आणि त्यानंतर केलेले एकूण गोल.

रेआल आणि बार्सिलोना त्या मोसमात दोनदा भिडले. २२ ऑक्टोबर २००६ ला माद्रिदच्या बेर्नाबेऊ मैदानावर रेआल २-० ने जिंकलं, राउल आणि रूड व्हॅन निस्टलरॉय यांच्या गोलांवर. १० मार्च २००७ ला बार्सिलोनाच्या काम्प नोऊवर ३-३ अशी बरोबरी झाली. पहिल्या लढतीचे रेआलला ३ गुण, दुसरीचा दोघांना एकेक. म्हणजे आपसातल्या हिशेबात रेआल ४, बार्सिलोना १. प्रश्न तिथेच मिटला. +४५ आणि +२६ हे आकडे कागदावर ठळक छापलेले असले, तरी पहिला क्रमांक ठरवताना त्यांच्याकडे पाहायची वेळच आली नाही.

त्या ३-३ च्या सामन्याबद्दल थोडं सांगायला हवं, कारण १९ वर्षांच्या लिओनेल मेस्सीने त्यात तिन्ही गोल केले. रेआलने तीनदा आघाडी घेतली आणि तीनदा त्याने ती पुसली, शेवटचा गोल अगदी संपता संपता. त्या गोलाने बार्सिलोनाला एक गुण मिळाला आणि रेआलचे दोन गेले. पुढे ७६-७६ अशी गाठ पडली, ती त्या गोलामुळेच. तो झाला नसता आणि बाकी सारं तसंच राहिलं असतं, तर तक्त्यात रेआल ७८ आणि बार्सिलोना ७५ दिसले असते आणि नियमाकडे कुणी वळलंही नसतं. पण आपसातला हिशेब फिरवायला तेवढा गोल अपुरा होता. ऑक्टोबरमधले दोन गोल फेडायचे तर त्या रात्री बार्सिलोनाला निदान दोन गोलांनी जिंकायला हवं होतं. बरोबरीनंतर बेहोश झालेल्या स्टेडियममध्ये हा हिशेब किती जणांनी केला असेल, कोण जाणे.

तो अंगावर आला जूनमध्ये. ९ जूनच्या रात्री दोन फेऱ्या उरल्या होत्या आणि दोघांचे गुण तेव्हाही सारखेच होते. स्पेनमध्ये मोसमाच्या अखेरीला निर्णायक सामने एकाच वेळी खेळवतात, म्हणजे दुसरीकडचा निकाल पाहून कुणाला आपला खेळ बेतता येऊ नये. बार्सिलोना आपल्याच शहरातल्या एस्पान्योलविरुद्ध २-१ ने पुढे होतं, तिकडे सारागोसात रेआल १-२ ने मागे. तसंच संपलं असतं, तर बार्सिलोनाकडे ३ गुणांची आघाडी आणि एकच सामना बाकी. मग सारागोसात व्हॅन निस्टलरॉयने बरोबरी साधली आणि काही क्षणांतच काम्प नोऊवर एस्पान्योलच्या राउल तामुदोने २-२ केलं. दोघांनाही एकेक गुण मिळाला. वरवर पाहता तक्त्यात काहीच बदललं नव्हतं, पुन्हा समान गुण. पण त्या समान गुणांत रेआल वर होतं.

१७ जूनला शेवटची फेरी. बार्सिलोना तारागोनाला आधीच खालच्या विभागात ढकलल्या गेलेल्या जिम्नास्टिकशी खेळत होतं आणि मध्यंतरालाच सामना खिशात घालून बसलं होतं. शेवटी ५-१. माद्रिदमध्ये मायोर्काने पहिला गोल केला आणि तासाभराचा खेळ उलटला तरी रेआल मागेच होतं. त्या क्षणी गुणतक्ता मांडला तर बार्सिलोना ७६, रेआल ७३. रेआलकडून शेवटचा सामना खेळणारा डेव्हिड बेकहॅम बाहेर आला, त्याच्या जागी होजे अंतोनिओ रेयेस आत गेला आणि लगोलग त्याने १-१ केलं. रेआल ७४. बार्सिलोना अजून विजेतं. मग महामादू दियाराच्या हेडरवर २-१ झालं. रेआल ७६ वर आलं आणि त्याच क्षणी तक्त्याच्या माथ्यावर गेलं. रेयेसच्या आणखी एका गोलाने सामना ३-१ वर संपला, पण विजेता आधीच ठरला होता. तारागोनात बार्सिलोनाने पाचाच्या जागी पंधरा गोल केले असते तरी ते दुसरेच राहिले असते.

इंग्लंडमध्ये हाच तक्ता असता तर चषक बार्सिलोनाला गेला असता. तिथे गुणांनंतर थेट साऱ्या मोसमाचा गोलफरक पाहतात आणि मग केलेले गोल. २०११-१२ मध्ये मँचेस्टरच्या दोन्ही संघांचे ८९ गुण झाले, विजय-बरोबरी-पराभवही अगदी सारखे : २८, ५, ५. सिटीचा फरक +६४, युनायटेडचा +५६. शेवटच्या फेरीत क्वीन्स पार्क रेंजर्सविरुद्ध जादा वेळेत सेर्हिओ अग्वेरोने केलेल्या गोलामुळे सिटी ८९ वर पोहोचलं आणि फरकावर विजेतं ठरलं. त्याआधी १९८८-८९ मध्ये तर आर्सेनल आणि लिव्हरपूल यांचे गुण ७६-७६ आणि फरकही +३७ असा सारखाच निघाला. आर्सेनलचे गोल ७३, लिव्हरपूलचे ६५. चषक आर्सेनलला.

त्याहून जुन्या इंग्लिश तक्त्याचा फोटो हाती आला तर आणखी सांभाळून वाचावा लागतो. १९७६ पर्यंत तिथे गोलांची वजाबाकी करत नसत, भागाकार करत. केलेल्या गोलांना खाल्लेल्या गोलांनी भागायचं, ही गोलसरासरी. १९२३-२४ चा मोसम याचं जातिवंत उदाहरण. हडर्सफील्ड आणि कार्डिफ सिटी यांचे गुण ५७-५७. हडर्सफील्डने ६० गोल केले, ३३ खाल्ले. कार्डिफने ६१ केले, ३४ खाल्ले. भागाकार केला तर हडर्सफील्ड १.८१८ आणि कार्डिफ १.७९४, म्हणून विजेतं हडर्सफील्ड. वजाबाकी केली तर दोघांचे २७. आजच्या नियमाने मग केलेले गोल मोजले असते आणि ६१ वाला कार्डिफ विजेता झाला असता. शेवटच्या सामन्यात कार्डिफला पेनल्टी मिळाली होती, ती वाया गेली आणि सामना गोलशून्य सुटला. वेल्सच्या एकाही संघाला इंग्लंडची ही सर्वोच्च लीग आजवर जिंकता आलेली नाही.

भागाकाराची खोड अशी की तो गोल करण्यापेक्षा गोल न खाण्याला जास्त बक्षीस देतो. १० गोल करून ५ खाल्ले तर सरासरी २. आणखी पाच केले आणि तीन खाल्ले, तर फरक वाढून ७ होतो, पण सरासरी १.८७५ वर घसरते. अशा नियमात पुढे असलेला संघ दारं लावून बसतो.

गुण देण्याची पद्धतही तक्ता फिरवते. विजयाला ३ गुण हे इंग्लंडमध्ये १९८१ पासून आणि स्पेनमध्ये १९९५-९६ पासून आलं. त्यापूर्वी २ असत. माद्रिदच्या त्या कागदावर जुना हिशेब लावून पाहिला : रेआलचे २३ विजयांचे ४६ आणि बरोबरीचे ७, म्हणजे ५३. बार्सिलोनाचे ४४ आणि १०, म्हणजे ५४. जुन्या पद्धतीत बार्सिलोना एका गुणाने विजेतं. अर्थात नियम वेगळे असते, तर संघही वेगळे खेळले असते. मार्चमध्ये शेवटच्या क्षणापर्यंत विजयासाठी धावायचं की बरोबरी पदरात पाडून घ्यायची, हे गुण किती मिळणार यावर ठरतं. तेव्हा बार्सिलोनावर अन्याय झाला असं म्हणता येणार नाही. नियम ऑगस्टपासून सगळ्यांना ठाऊक होता.

कुठली पद्धत बरी, यावर वाद घालणारे घालतात. मला स्पेनची जास्त पटते. साऱ्या मोसमाच्या फरकात एखाद्या मोडक्या संघाविरुद्ध केलेले सहा गोलही मोजले जातात आणि तो संघ तुमच्याशी खेळला तेव्हा त्याचे अर्धे खेळाडू जायबंदी होते की नव्हते, हा नशिबाचा भाग असतो. आपसातल्या सामन्यांत निदान माणसं समोरासमोर असतात. उलट बाजू अशी की ३८ पैकी दोनच सामन्यांवर सारं तोललं जातं. आपल्याकडे इंडियन सुपर लीगच्या २०२०-२१ च्या मोसमात, जो करोनामुळे सबंध गोव्यात खेळवला गेला, मुंबई सिटी आणि एटीके मोहन बागान यांचे ४०-४० गुण झाले होते. मुंबईने साखळीतल्या दोन्ही लढती जिंकल्या होत्या, त्यातली दुसरी तर बांबोळीला अगदी शेवटच्या साखळी सामन्यात २-० ने. साखळीविजेत्याची ढाल मुंबईला मिळाली. तिथे गोलफरकही मुंबईचाच सरस होता, त्यामुळे दोन्ही नियमांनी उत्तर एकच आलं आणि वाद उरला नाही.

दोनच्या जागी तीन संघ एका गुणसंख्येवर आले की आपसातला हिशेब जरा किचकट होतो. अशा वेळी तिघांपुरता एक छोटा तक्ता वेगळा मांडायचा आणि बाकी सगळ्यांविरुद्धचे सामने विसरायचे. याचं गाजलेलं उदाहरण लीगमधलं नाही, २००४ च्या युरो स्पर्धेतलं आहे. एका गटात इटली, डेन्मार्क, स्वीडन आणि बल्गेरिया होते. बल्गेरियाला तिघांनीही हरवलं आणि तिघांचे ५-५ गुण झाले. आता बल्गेरिया पुसून टाकायचा. उरले तीन सामने : इटली-डेन्मार्क ०-०, इटली-स्वीडन १-१, डेन्मार्क-स्वीडन २-२. तिघांचे दोन-दोन गुण, तिघांचा फरक शून्य. मग या छोट्या तक्त्यातले केलेले गोल पाहिले : स्वीडन ३, डेन्मार्क २, इटली १. इटली बाहेर.

खरी गंमत वेळेची होती. शेवटचे दोन सामने एकाच वेळी चालू होते. डेन्मार्क आणि स्वीडन यांच्यात २-२ किंवा त्याहून जास्त गोलांची बरोबरी झाली, तर इटलीने बल्गेरियाला कितीही गोलांनी हरवलं तरी उपयोग नव्हता, हे आदल्या दिवसापासून इटलीची वर्तमानपत्रं लिहीत होती. आणि नेमका तोच निकाल लागला, बरोबरीचा गोल स्वीडनने शेवटच्या मिनिटांत केला. संगनमताचा आरोप झाला, तो सिद्ध झाला नाही.

भिंतीवरच्या फळ्याचा फोटो ऐन मोसमात काढलेला असेल तर आणखी एक गोष्ट पाहावी लागते, ती म्हणजे तारीख. स्पेनमध्ये आपसातल्या सामन्यांचा नियम त्या संघांचे एकमेकांशी दोन्ही सामने होईपर्यंत लागूच होत नाही. तोवर समान गुण असलेल्या संघांचा क्रम साऱ्या मोसमाच्या फरकावर लावतात. म्हणजे फेब्रुवारी २००७ मध्ये त्या दोघांचे गुण सारखे असते, तर बार्सिलोना वर दिसलं असतं आणि एप्रिलमध्ये त्याच परिस्थितीत रेआल. दोन महिन्यांच्या अंतराने काढलेले फोटो शेजारी ठेवले, तर एक चुकीचा वाटेल, प्रत्यक्षात दोन्ही बरोबर असतील.

तारखेनंतर ‘पीजे’चा रकाना. मोसम चालू असताना सगळ्यांचे सामने सारखे झालेले असतीलच असं नाही. कुणाचा पावसामुळे लांबतो, कुणाचा दुसऱ्या स्पर्धेमुळे. दुसऱ्या क्रमांकावरच्या संघाचा एक सामना कमी असेल आणि तो फक्त दोन गुणांनी मागे असेल, तर तो खरोखर मागे आहे की नाही हे त्या राहिलेल्या सामन्यानंतरच कळेल. उरलेल्या सामन्यांना तीनने गुणावं आणि हाती असलेल्या गुणांत मिळवावं, तो त्या संघाला गाठता येणारा कमाल आकडा. तो वरच्याच्या आजच्या गुणांपेक्षा कमी असेल, तर शर्यत संपली. बरोबर तेवढाच असेल तर मात्र थांबावं आणि त्या दोघांचे आपसातले निकाल शोधावेत, कारण स्पेनमध्ये अशा ठिकाणी शेवटचा सामना व्हायच्या आधीच निर्णय झालेला असू शकतो.

ते निकाल बहुधा शेजारच्या वेळापत्रकाच्या फळ्यावरच सापडतात. तिथे ‘होर्नादा’ आणि पुढे आकडा लिहिलेला असतो, ती फेरी. एकूण ३८. घरच्या मैदानावर खेळणाऱ्या संघाचं नाव आधी, पाहुण्यांचं नंतर, त्यामुळे २-० मधला २ नेहमी यजमानांचा. पहिल्या १९ फेऱ्यांत प्रत्येकजण प्रत्येकाशी एकदा खेळतो, पुढच्या १९ मध्ये मैदानं बदलतात. वेळ स्पेनची असते. आपल्या घड्याळाशी जुळवायची तर उन्हाळ्यात त्यात साडेतीन तास मिळवायचे, हिवाळ्यात साडेचार. रेआलने ज्या सामन्यात चषक जिंकला, तो माद्रिदच्या घड्याळाने १७ जूनला रात्री नऊला सुरू झाला तेव्हा मुंबईत साडेबारा वाजून गेले होते आणि तारीख १८ लागली होती.